अमेरिकेच्या व्हिसाचा ‘सोपा कागद’ आणि आमचे गेलेले एक लाख एकोणतीस हजार

माझी मुलगी व जावई अमेरिकेत राहतात. मुलीच्या बाळंतपणाच्या वेळी आम्ही दोघे नवरा-बायको तिच्याजवळ असावे, एवढ्यासाठी आम्हाला पर्यटक व्हिसा हवा होता. या कामासाठी तालुक्याच्या ठिकाणच्या एका एजंटाने आमच्याकडून १,२९,००० रुपये घेतले आणि आमच्या नावाने खोटा अर्ज भरला. वर्धा-यवतमाळ भागात हाच माणूस, किंवा याच्यासारखे दुसरे, अजूनही गावोगाव फिरत आहेत, म्हणून त्याची पद्धत सविस्तर लिहीत आहे.

त्याने आम्हाला एक छापील कागद दिला. अमेरिकन सरकारच्या नियमांचा हा मराठीतला सारांश आहे, असे त्याने सांगितले. त्यावर चार चौकटी होत्या : लागणारी कागदपत्रे, फी, लागणारा वेळ आणि व्हिसा नाकारला जाण्याची कारणे. वर गरुडाचे चिन्ह होते आणि खाली त्याच्या दुकानाचा शिक्का. मूळ नियम इंग्रजीत आणि अनेक पानांवर विखुरलेले असल्याने असा एका पानाचा कागद खेड्यातल्या माणसाला आधार वाटतो, आणि त्यात आमचे काही चुकले असे मला आजही वाटत नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्य घालवलेला माणूस आहे, कागद वाचल्याशिवाय सही करत नाही, आणि हा कागदही मी ओळ न ओळ वाचला होता. पण सारांशच खोटा असेल तर तो कितीही लक्ष देऊन वाचला तरी त्यातून खरे बाहेर येत नाही.

कागदपत्रांच्या चौकटीत सातबाराचा इंग्रजी अनुवाद, शेताचे मूल्यांकन, सीएचा मालमत्ता दाखला, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, मुलीचे नोटरी केलेले निमंत्रणपत्र आणि तीन प्रतिज्ञापत्रे लिहिली होती. या ‘फाईल’चे त्याने २२,००० रुपये लावले. त्यासाठी मी पटवाऱ्याकडे आणि सेतू केंद्रात उन्हातान्हात खेटे घातले. प्रत्यक्षात मुलाखतीला लागतात ते पासपोर्ट, ऑनलाइन भरलेल्या डीएस-१६० या अर्जाचे पुष्टिपत्र, मुलाखतीच्या वेळेचे पत्र आणि ठरलेल्या मापाचा, म्हणजे दोन इंच बाय दोन इंचांचा फोटो. निमंत्रणपत्र सक्तीचे नाही. उत्पन्नाचे किंवा जमिनीचे कागद जवळ असावेत, अधिकाऱ्याने मागितले तर दाखवावेत, पण निर्णय मुख्यतः अर्जातल्या उत्तरांवर आणि मुलाखतीच्या खिडकीसमोरच्या काही मिनिटांच्या बोलण्यावर होतो. आमची ती जाडजूड फाईल कोणी उघडूनही पाहिली नाही. माझे पेन्शनचे आदेशपत्र आणि बँकेचे पासबुक एवढे खरे कागद मला पुरेसे होते आणि ते माझ्या घरातच होते.

फीच्या चौकटीत माणशी ३८,५०० रुपये ‘दूतावास फी’ छापली होती, म्हणजे दोघांचे ७७,०००, आणि ते त्याने रोख घेतले. पर्यटक व्हिसाच्या अर्जाची फी २०२३ च्या जूनपासून १८५ डॉलर आहे, म्हणजे आमच्या वेळच्या दराने माणशी साधारण सोळा हजार रुपये. ती अर्जदार स्वतःच्या खात्यातून भरू शकतो आणि तिची पावती अर्जदाराच्या नावाने मिळते.

मला राहून राहून आठवते ती याच चौकटीच्या तळाची ओळ : ‘व्हिसा न मिळाल्यास पूर्ण फी परत.’ याच ओळीवर माझी नजर थांबायला हवी होती. अमेरिकन सरकारची ही फी अर्जाची फी आहे, व्हिसाची नाही, आणि अर्ज नाकारला तरी ती परत मिळत नाही. जो पैसा दुसऱ्या देशाच्या सरकारकडे जमा झाला तो परत देण्याचे वचन तालुक्यातला दुकानदार कोणत्या बळावर देतो, हा साधा प्रश्न होता. असे वचन देणारा एकतर तेवढी फी भरतच नाही, किंवा परत देण्याचा त्याचा विचारच नसतो. माझ्या नजरेने ती ओळ वाचली, आणि मला उलट दिलासा वाटला. हे लिहितानाही संताप येतो.

वेळेच्या चौकटीत ‘२१ दिवसांत व्हिसा हातात’ असे होते आणि लवकरच्या तारखेसाठी, म्हणजे ‘स्लॉट’साठी, माणशी १५,००० रुपये वेगळे. त्याने दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र करून हे विकले. मुलाखतीची तारीख मिळायला लागणारा काळ वेगळा, आणि मुलाखतीनंतरचा काळ वेगळा. पहिला शहरागणिक बदलतो, अनेकदा महिन्यांचा असतो आणि अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या travel.state.gov या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो. मुलाखतीनंतर निर्णय बहुधा तिथल्या तिथेच कळतो आणि पासपोर्ट काही दिवसांत परत येतो. अधिक चौकशी निघाली तर मात्र किती दिवस लागतील हे कोणीच सांगू शकत नाही. तारखा विकण्याचा कोणालाही अधिकार नाही. संगणकाच्या आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामने तारखा अडवून विकणाऱ्यांमुळे भारतातल्या अमेरिकन दूतावासाने मार्च २०२५ मध्ये सुमारे दोन हजार तारखा रद्द केल्या होत्या. म्हणजे विकत घेतलेली तारीख मिळाली तरी ती टिकेलच असे नाही. आम्हाला तारीख मिळाली ती रद्द झालेल्या कोणाच्या तरी जागी, आणि तिच्यासाठी कुठेही एक रुपया जास्त लागत नव्हता, हे मुलीने नंतर तपासून सांगितले.

सगळ्यात घातक ठरली ती चौथी चौकट. नकाराचे पहिले कारण म्हणून तिथे ‘अमेरिकेत जवळचा नातेवाईक असणे’ असे छापले होते. एजंट मला म्हणाला, “गुरुजी, पोरगी तिकडे आहे म्हणून सांगितलं, का व्हिसा गेला समजा. ते माझ्यावर सोडा.” मी त्याला स्पष्ट सांगितले की आम्ही मुलीकडेच चाललो आहोत, ते लपवायचे नाही. तो मान डोलावून हो म्हणाला. अर्ज भरताना संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळलेला होता. मुलीचा पत्ता कुठे लिहिला, असे मी विचारले तेव्हा “तो फाईलमध्ये लावला आहे” असे उत्तर मिळाले. अर्ज जमा केला तेव्हा आम्ही दुकानात नव्हतो. हे नियमाविरुद्ध आहे, कारण अर्ज भरायला दुसऱ्याची मदत घेता येते, पण अर्जावरची इलेक्ट्रॉनिक सही अर्जदाराने स्वतःच करायची असते, आणि कोणी मदत केली का, हा प्रश्नही अर्जातच असतो.

आमच्या हातात पडले ते पुष्टिपत्राचे एक पान. त्यावर नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, प्रवासाचा हेतू, फोटो आणि बारकोड असतो. बाकीची उत्तरे त्या पानावर दिसतच नाहीत. त्यामुळे पान बरोबर दिसले तरी आतला अर्ज बरोबर आहे असे होत नाही. जमा करण्याआधी संपूर्ण अर्ज पुन्हा दाखवणारी पाने येतात, ती सगळी छापून मागा. देणार नाही म्हणाला तर उठून घरी या.

मुंबईला आदल्या दिवशी बोटांचे ठसे झाले आणि दुसऱ्या दिवशी मुलाखत. एजंटाने इंग्रजीत पाठ करायला उत्तरे दिली होती, पण तिथे मराठीतून मुलाखत देता येते आणि आम्ही ती मराठीतच दिली. कोणाकडे चालला आहात, असे विचारल्यावर माझ्या पत्नीने सरळ सांगितले की मुलीकडे, तिचे दिवस भरत आले आहेत. अधिकाऱ्याने पडद्याकडे पाहून पुन्हा विचारले की अमेरिकेत तुमचे मूल आहे का. नंतर मला विचारले की तुमचा व्यापार कशाचा. मी सेवानिवृत्त शिक्षक आहे, असे सांगितले. आम्हाला नकाराचे एक छापील पत्र मिळाले, त्यावर अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्याचे कलम २१४(ब) होते.

या कलमाचा अर्थ असा की प्रत्येक अर्जदार तिकडे कायमचा राहायला चालला आहे असे कायदा आधी गृहीत धरतो, आणि तो परत येईल हे अर्जदाराने पटवून द्यायचे असते. पर्यटक व्हिसाच्या नकाराचे हे सर्वांत सामान्य कारण. मुलगी तिकडे असणे हा नकाराचा नियम नाही. इकडे काय आहे, ते महत्त्वाचे : माझी पेन्शन, चार एकर शेती, घरातली म्हातारी आई. एजंटाच्या अर्जात यातले काही नव्हते. त्यात मी दरमहा अडीच लाख मिळवणारा कापूस व्यापारी होतो, अमेरिकेत माझे कोणी नव्हते आणि मी एका हॉटेलात उतरणार होतो. असा अर्ज आणि असे बोलणे समोर आल्यावर अधिकाऱ्याने दुसरे काय करावे? याहून वाईटही घडू शकत होते. जाणूनबुजून महत्त्वाची माहिती खोटी दिल्याचा शेरा पडला तर त्या माणसाला अमेरिकेची दारे कायमची बंद होऊ शकतात. आम्ही खरे बोललो, म्हणूनच तो शेरा टळला असे मी मानतो.

नातू झाला, तो आम्ही फोनवर पाहिला.

त्यानंतर सुरू झाली कार्यालयांची फरपट. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न होता, “पैसे तुम्ही स्वतःच्या हातानं दिले ना? मग फसवणूक कशी?” फसवणुकीत माणूस पैसे स्वतःच्या हातानेच देतो, हे पोलिसांना मी सांगायचे का? भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ नेमके त्यासाठीच आहे. तिथून मला परदेशी नोकरीला पाठवणाऱ्या दलालांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे धाडले, आणि तिथे सांगण्यात आले की पर्यटक व्हिसा आमच्या कक्षेत येत नाही. हे पाठवणाऱ्याला माहीत नसावे? सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठीच्या १९३० या क्रमांकावर फक्त फोनवरून दिलेल्या ५२,००० ची नोंद झाली, रोख ७७,००० चा तिथे विचारच नाही. बँकेने तुम्हीच मंजुरी दिली म्हणून हात झटकले. एका साहेबांनी तर एजंट ओळखीचा आहे, ‘बसून मिटवा’ असा सल्ला दिला. साठीच्या पुढच्या माणसाने न्याय मागायला जावे आणि त्यालाच गुन्हेगारासारखे उलटसुलट विचारले जावे, याची चीड शब्दांत मावत नाही.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे तक्रारीचे शुल्क लागत नाही, हे मला कोणत्याही कार्यालयाने सांगितले नव्हते. रोख दिलेल्या पैशांची पावती नाही, पण तो चार चौकटींचा कागद शिक्क्यासह माझ्याकडे आहे आणि त्यावर रक्कम छापलेली आहे, म्हणून असा कागद कोणीही परत देऊ नये. मागितला तर झेरॉक्स द्यावी.

नकाराविरुद्ध अपील नसते. नवा अर्ज करता येतो, फी पुन्हा भरावी लागते आणि ‘पूर्वी व्हिसा नाकारला का’ या प्रश्नाला ‘हो’ असेच लिहावे लागते. आमचा नवा अर्ज मुलीने फोनवर आम्हाला एकेक प्रश्न मराठीत वाचून दाखवत ceac.state.gov वर भरला. वीस मिनिटे हालचाल न झाल्यास ते पान बंद पडते, म्हणून दर पानावर माहिती जतन करावी लागते. AA ने सुरू होणारा अर्ज क्रमांक आणि सुरक्षा प्रश्नाचे उत्तर या वेळी माझ्या वहीत आहे. ज्यांचे अर्ज त्या एजंटाकडे सध्या अडकलेले आहेत त्यांनी आधी हेच दोन तपशील त्याच्याकडून घ्यावेत आणि आत काय लिहिले आहे ते मुलाखतीच्या आधी उघडून पाहावे. खोटे आढळले तर नवा अर्ज भरून मुलाखतीच्या नोंदीतला क्रमांक बदलून घ्यावा, कारण खिडकीसमोर उभे राहिल्यावर तो अर्ज तुमचाच मानला जातो.