४० सेल, ७,४०० रुपये आणि तांब्याचे डाग

मी डिचोलीचा. सायकलला मोटर बसवली होती, तिला ३६ व्होल्टचा पॅक हवा होता. एका ग्रुपवर जाहिरात दिसली: १८६५० मापाचे लिथियम-आयन सेल, २,६०० एमएएच, नवे, नगाला १८५ रुपये. म्हापशाला शुक्रवारच्या बाजाराच्या गर्दीत त्या माणसाला गाठून ४० सेल घेतले. ७,४०० रुपये रोख, पावती नाही. सेलवर लक्ष ठेवणाऱ्या बीएमएस सर्किटचे ९५० आणि वेल्डिंगचे १,२००. एकूण ९,५५० रुपये पाण्यात.

आता जो क्षण रोज रात्री आठवतो, तो सांगतो. एका सेलचा तळ बोटाला खरखरीत लागला. पाहिलं तर घासल्याच्या रेषा, आणि त्यांच्यामधून दोन बारीक ठिपके. स्पॉट वेल्डचेच, दुसरं काय असणार? मी विचारलं, तर म्हणाला, "फॅक्टरीत टेस्ट करतात त्याचे. कांयच जावचें ना." मी मीटर लावला. प्रत्येक सेल ३.६ व्होल्ट. समाधान झालं, गाढवासारखं. नव्या सेलच्या तळावर आधी कोणी पट्टी जोडलेली नसते, एवढं मला कळत होतं. पण दर निम्मा दिसला की डोळे आपोआप मिटतात.

पॅक भरून ठेवला. तिसऱ्या दिवशी चार-चार सेलच्या दहा गटांपैकी आठांत ४.१७ व्होल्ट, एकात ३.७१, एकात ३.५२. त्या शेवटच्या गटातला एक सेल हाताला कोमट लागला. पॅक सायकलला किंवा चार्जरला जोडलेला नसताना! पॅक तसाच अंगणात नेला.

ओळखीचे एक काका बॅटरीच्या कामातून निवृत्त झालेत. त्यांनी तो सेल पूर्ण रिकामा करून, हातमोजे आणि चष्मा घालून उघड्यावर कापला. (तुम्ही हे अजिबात करू नका. आतला द्राव पेट घेतो.) आत जेली रोल, म्हणजे चार पट्ट्यांची घट्ट गुंडाळी: काळा लेप दिलेला अॅल्युमिनियमचा पत्रा, ग्राफाइटचा लेप दिलेला तांब्याचा पत्रा आणि त्यांच्यामध्ये प्लास्टिकच्या सेपरेटरच्या दोन पट्ट्या. पत्रे वर्खासारखे पातळ, दहा-पंधरा मायक्रॉनचे. अॅल्युमिनियमच्या पत्र्यावरून निघालेला टॅब वरच्या टोपीला, तांब्यावरून निघालेला निकेलचा टॅब डब्याच्या तळाला वेल्ड केलेला. तळ निकेल चढवलेल्या पोलादाचा, म्हणून तिथे निकेल. तांब्याला स्पॉट वेल्ड नीट धरत नाही, कारण ते वीज आणि उष्णता दोन्ही झरझर वाहून नेतं.

मी विचारलं, दोन्हीकडे एकच धातू का नाही? काका म्हणाले, "अॅल्युमिनियम ऋण बाजूला ठेवलंस तर तिथल्या कमी विभवाला ते लिथियमशी मिसळतं आणि भुसभुशीत होऊन तुटतं. धन बाजूला त्याच्यावर पातळ थर बसतो, तो त्याला वाचवतो. तांब्याचं उलट. ऋण बाजूला ते टिकतं, पण त्याचं विभव वर चढलं की विरघळायला लागतं."

आणि इथेच माझा घात झाला होता. सेल शून्यापर्यंत उतरून महिनोन्‌महिने पडला, की ऋण बाजूचंच विभव वर चढतं आणि तांबं द्रावात उतरतं. मग कोणीतरी तो चार्ज करून 'जिवंत' करतो. विरघळलेलं तांबं पत्र्यावर परत गुळगुळीत बसत नाही, अणकुचीदार कणांनी बसतं. ते सेपरेटरमधून पलीकडे टेकले की आतल्या आत गळती. आमच्या रोलमध्ये तांब्याचा पत्रा कडेला छिद्रांनी चाळणीसारखा झालेला, सेपरेटरवर तांबूस डाग. म्हणजे माल भंगारातल्या लॅपटॉप बॅटऱ्यांचा, नवं कातडं चढवलेला. आणि मीटर ३.६च दाखवणार, गळती एका क्षणात कशी दिसेल! सेल भरून पंधरा दिवस सुटा ठेवा आणि मग मोजा. मी ठेवले नाहीत, कारण पावसाआधी सायकल चालू करायची होती. शून्यावर आलेला सेल 'उठवून' देतो म्हणणाऱ्याला तर दारातही उभं करू नका.

तक्रारीला गेलो. पहिल्या ठिकाणी म्हणाले, रोख व्यवहार आहे, पावती आणा. दुसरीकडे विचारलं, "बॅटरी चालते ना? मग फसवणूक कसली?" मी उलगडलेल्या पट्ट्या पिशवीतून काढून टेबलावर पसरल्या, तांब्याचे डाग दाखवले. साहेबांनी टेबल खराब होईल म्हणून उचलायला लावल्या. तिसऱ्या ठिकाणी ग्राहक आयोगाचं काम आहे म्हणाले, आणि तिथे गेलो तर विक्रेत्याचा पत्ता मागितला. पत्ता असता तर मी तुमच्याकडे आलो असतो का? चार चकरा, दोन दिवसांचा पगार, आणि हातात पोचसुद्धा नाही.

उरलेले ३९ सेल टोकांना टेप लावून, वाळूच्या डब्यात, घरापासून लांब ठेवलेत. भंगारवाला घेतो म्हणतो, पण त्याला देणार नाही. त्याच्याकडून ते कुठे जातील ते आता माहीत आहे. परवा त्याच ग्रुपवर पुन्हा जाहिरात आली: ६० सेल, नवे, १९५ रुपये.