सेव्हिंग खात्याचा प्रश्नोत्तर व्हिडिओ: पाच प्रश्न की एकच?

पहिल्यांदा खातं उघडणाऱ्या पोरापोरींसाठी बँकेचा छोटा व्हिडिओ करायचा म्हटलं की दोनच पद्धती समोर येतात. एक म्हणजे सीताबर्डीवर माइक घेऊन उभं राहायचं आणि एका मिनिटात पाच प्रश्न-पाच उत्तरं उरकायची, दुसरी म्हणजे शाखेतल्या काउंटरवर एकच जण एकच प्रश्न विचारते आणि मॅडम त्याचंच नीट उत्तर देतात. तुम्हाला यातलं एकच करायचं असेल तर माझं मत दुसऱ्याकडे आहे, काहून ते सांगतो.

पाच प्रश्नांवाला चालतो हे खरंय. चेहरे बदलत राहतात म्हणून लोक थांबून बघतात, आणि कागदपत्रं काय लागतात यासारख्या प्रश्नाला तो बरोबर बसते पण. आधार, पॅन, फोटो, पॅन नसेल तर फॉर्म 60, झालं उत्तर. अडचण तिथं येते जिथं उत्तराला अट चिकटलेली असते. "पैसे सेफ आहेत का?" "हो, 5 लाखांपर्यंत विमा आहे." ऐकायला मस्त, पण हे बँकेसाठी खरं, पतसंस्थेसाठी नाही, ठेव विमा महामंडळाचं कव्हर पतसंस्थेला लागूच नाही. शिवाय हे 5 लाख एका बँकेतल्या तुमच्या नावावरच्या सगळ्या ठेवी आणि त्यावरचं व्याज मिळून. बारा सेकंदांच्या उत्तरात ही अट सगळ्यात आधी कापली जाते, आणि पहिल्यांदाच पैसे ठेवणाऱ्याला नेमकी तीच माहीत नसते.

आता मिनिमम बॅलन्सचा प्रश्न घ्या, नवीन माणसाला सगळ्यात जास्त भीती त्याचीच. रॅपिड फायरमध्ये उत्तर येते, "दोन हजार ठेवा, दंड नाही लागणार." बघणारा समजतो की खातं एक दिवस जरी दोन हजाराच्या खाली गेलं तरी पैसे कटणार. मग तो घाबरून खातंच उघडत नाही, नाहीतर स्वतःचेच पैसे गरज असून काढत नाही.

हाच प्रश्न काउंटरवर कसा होते बघा. समजा बर्डीवरच्या कपड्याच्या दुकानात कामाला असलेली पोरगी विचारते, "मॅडम, एक तारखेला सहा हजार टाकले आणि अकराला सगळेच काढले, तर दंड लागते का?" मॅडम आधी एका वाक्यात उत्तर देतात, "नाही लागत, दोन हजाराची अट महिन्याच्या सरासरीवर असेल तर." मग कॅमेरा सरळ भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पानावर, जूनचं पान, 30 घरं. पेनानं पहिल्या दहा घरांत 6000 लिहायचं, उरलेल्या वीस घरांत शून्य. दहा गुणिले 6000 म्हणजे 60,000, भागिले 30, सरासरी 2000. पोरगी पुढे विचारते, "आणि दहालाच काढले असते तर?" मॅडम दहाव्या घरातला आकडा खोडून शून्य करतात, 54,000 भागिले 30, म्हणजे 1800, कमी पडले. दिवस संपताना खात्यात जे असते ते धरतात हे इथं न सांगता समजून जाते.

बस, इतक्यात पंचेचाळीस-पन्नास सेकंद जातात. झिरो बॅलन्सचा मुद्दा यात कोंबू नका, त्याला वेगळा व्हिडिओ द्या, कारण तिथंही दोन गोष्टी आहेत: बेसिक सेव्हिंग खात्याला मिनिममची अटच नसते, आणि पगाराचं खातं झिरो बॅलन्स असलं तरी पगार येणं थांबला की काही महिन्यांनी बऱ्याच बँका ते साधं खातं करून टाकतात. नोकरी सोडलेल्या पोराला दंड बसते तो इथूनच.

खर्चाचं म्हणाल तर काउंटरवाला स्वस्तच पडते. बर्डीवर गर्दी, हॉर्न, दुकानदारांची ओरड, कॉलर माइक लावूनही आवाज अर्धा हाती लागते, त्यात रस्त्यावरच्या माणसाची परवानगी घ्यायची ती वेगळीच. शाखेत दुपारी काउंटर बंद झाल्यावर अर्ध्या तासात काम होते, फक्त मागच्या स्क्रीनवर किंवा टेबलावरच्या पासबुकात कोणाचा खाते नंबर दिसत नाही ना ते बघा. आणि आकडे स्क्रीनच्या खालच्या भागात टाकू नका, तिथं रील्सचं कॅप्शन येऊन बसते आणि नेमका 2000 झाकला जाते. बरेच जण आवाज बंद ठेवूनच बघतात, म्हणून गणित लिहिलेलं दिसलंच पाहिजे.

टाकायच्या आधी बँकेबाहेरच्या दोघातिघांना दाखवा, खातं नसलेले असले तर उत्तम, आणि मग विचारा, जूनमध्येच 12,000 पाच दिवस ठेवून सगळे काढले तर दंड लागेल का? "लागन ना, खातं रिकामं झालं न भाऊ" असं उत्तर आलं तर कॅलेंडरचा शॉट परत घ्या, जरा हळू.