सोलरच्या प्रस्तावासोबतचं पत्र: जाहिरात, आर्जव की ठाम बोलणं?

माझा भाचा पुण्यात सोलरची कामं घेतो. मी स्वतः सात वर्षं आमच्या सोसायटीचा सचिव होतो, म्हणजे अशी पत्रं घेणाऱ्या बाजूला बसलेलो. त्यामुळे प्रस्तावावर जोडायचं एका पानाचं पत्र तो हल्ली आधी मला दाखवतो. गेल्या हिवाळ्यात एका ४० फ्लॅटच्या सोसायटीने त्याच्याकडे गच्चीवरच्या २० किलोवॅटच्या प्रकल्पाचा प्रस्ताव मागितला. त्याने पत्राचे दोन मसुदे करून ठेवले होते आणि त्यातलं कुठलं पाठवायचं ते ठरत नव्हतं.

पहिला असा:

«सौरऊर्जा क्षेत्रातील एक विश्वासार्ह नाव! अत्याधुनिक तंत्रज्ञान, सर्वोत्तम दर्जा आणि माफक दर यांचा त्रिवेणी संगम! आता वीजबिल होईल शून्य! सरकारी अनुदानाचा लाभ घ्या, आजच निर्णय घ्या. विशेष सवलत फक्त ३१ तारखेपर्यंतच.»

दुसरा याच्या उलट टोकाचा:

«स.न.वि.वि. आपल्या नामांकित सोसायटीची सेवा करण्याची संधी आम्हांस मिळाल्यास आम्ही आपले सदैव ऋणी राहू. दर जास्त वाटल्यास आपण म्हणाल तसे कमी करण्यात येतील. आमच्या प्रस्तावाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, ही नम्र विनंती.»

भाच्याच्या मते पहिलं पत्र भडक आणि दुसरं सभ्य होतं. मला दोन्ही एकाच जातीची वाटली. एक ओरडतं आणि दुसरं हात जोडतं, पण दोन्ही विकायलाच आलेली आहेत. दोन्हींत गच्चीबद्दल एक शब्द नाही. मराठीत आपण आर्जवाला नम्रता समजतो, म्हणून ही दुसरी तऱ्हा सहज खपून जाते. पण कमिटीतला खजिनदार ‘आपण म्हणाल तसे कमी करण्यात येतील’ हे वाचतो तेव्हा त्याला नम्रता दिसत नाही. मूळ दर फुगवलेला आहे, एवढंच त्याला कळतं.

मग आम्ही तिसरं लिहिलं. त्याचा गाभा असा होता:

«आपण २० किलोवॅटचा प्रस्ताव मागितला होता. आम्ही १८ किलोवॅटचा देत आहोत. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीची उंची १० फूट आहे. डिसेंबरात भर दुपारीही तिची सावली उत्तरेला ९ फुटांपर्यंत पडते, म्हणून त्या पट्ट्यात आम्ही पॅनल घेतलेले नाहीत.

सोसायटीच्या सामाईक मीटरचा वापर गेल्या १२ बिलांनुसार महिन्याला सरासरी २,६०० युनिट आहे. या प्रकल्पातून वर्षाची सरासरी धरता महिन्याला सुमारे २,२०० युनिट मिळतील. जुलै-ऑगस्टमध्ये हा आकडा १,५०० च्या आसपास येईल. बिल शून्य होणार नाही; स्थिर आकार राहील आणि उरलेल्या युनिटचे पैसे भरावे लागतील.»

तीनही पत्रं एकाच माणसाने, एकाच कामासाठी लिहिलेली. फरक कुठून येतो ते ओळीओळीने पाहू.

सगळ्यात आधी आकड्याची जागा. ‘वीजबिल होईल शून्य’ हे वाक्य सभेत मोठ्याने वाचून बघा. तिसऱ्या रांगेतून कुणीतरी विचारणारच, ‘पावसाळ्यात काय?’ पुण्याकडे एका किलोवॅटमागे वर्षाची सरासरी दिवसाला ४ युनिट धरतात. पावसाळ्यात ती अडीच-तीनवर येते. हे सोलरवाल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. जो आधीच सांगतो, त्याला सभेत कुणी अडवू शकत नाही. आमच्या पत्रातले २,२०० आणि १,५०० हे आकडे याच हिशोबाचे आहेत: १८ गुणिले ४ गुणिले ३० म्हणजे २,१६०, आणि पावसाळ्यात १८ गुणिले पावणेतीन गुणिले ३१ म्हणजे १,५०० ला थोडं वर. खजिनदाराला कागदावर करता येईल एवढाच हिशोब पत्रात यावा. त्याने तो स्वतः केला की पुढच्या आकड्यांकडेही तो वेगळ्या नजरेने बघतो.

मागितलेल्यापेक्षा कमी देण्याचा मुद्दा भाच्याला पचत नव्हता. ‘मामा, बाकीचे दोघं २० देतील, आपण १८ दिले तर आपण लहान दिसू.’ मी म्हटलं, कारण न देता १८ लिहिलेस तर लहान दिसशील. टाकीची उंची आणि सावलीचे फूट लिहिलेस तर गच्चीवर चढून मापं घेतलेला माणूस दिसशील. शिवाय हेच वाक्य बाकीच्या दोघांनाही एक प्रश्न विचारतं, त्यांचं नाव न घेता. प्रतिस्पर्ध्याबद्दल पत्रात एक अक्षर लिहायचं नाही, हे मी त्याला वेगळं सांगितलं. ‘बाजारातील स्वस्त व निकृष्ट पर्यायांपासून सावध राहा’ ही ओळ त्याच्या जुन्या पत्रांत असायची.

आता क्रियापदं, कारण आत्मविश्वास मराठीत बहुतेक तिथेच दिसतो. अनुदानाचं वाक्य घ्या. जाहिरातीच्या सुरात: ‘अनुदान आम्ही मिळवून देणारच!’ कचेरीच्या सुरात: ‘अनुदान मिळवून देण्यात येईल.’ पहिल्यात जे हातात नाही त्याचं वचन आहे. दुसऱ्यात कोण मिळवून देणार ते गायब आहे, त्यामुळे उद्या जबाबही कुणी देणार नाही. आम्ही लिहिलं:

«पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण सोसायटीच्या सामाईक वापरासाठी प्रति किलोवॅट १८,००० रुपये अनुदान आहे, १८ किलोवॅटला ते ३,२४,००० रुपये होते. अर्ज आणि महावितरणकडचा नेट मीटरचा पाठपुरावा आम्ही करू. मंजुरी आणि रक्कम जमा होण्याची तारीख आमच्या हातात नाही, म्हणून आमच्या दरात अनुदान वजा करून दाखवलेले नाही.»

‘आम्ही करू’ आणि ‘आमच्या हातात नाही’ ही दोन्ही सरळ वाक्यं आहेत, आणि दुसऱ्यामुळे पहिल्याला वजन येतं. अनुदान वजा करून दर छापण्याची सवय फार आहे. ते पत्र पहिल्या वाचनात स्वस्त वाटतं, पण पहिला हप्ता पूर्ण रकमेवर मागितला की कमिटीत कुरबुर सुरू होते. हे आमच्या सोसायटीत मी भोगलेलं आहे.

‘आपण’ या शब्दाकडेही लक्ष असू द्या. मराठीत ‘आपण’ म्हणजे तुम्ही, आणि ‘आपण’ म्हणजे तुम्ही-आम्ही मिळून. विक्रीचा सूर याचा मोठा फायदा घेतो: ‘आपण हे काम महिन्याभरात संपवू.’ कोण संपवणार? गच्चीवरच्या जुन्या डिश अँटेना कोण काढणार? ठाम पत्रात जिथे कामाची वाटणी येते, तिथे मी ‘सोसायटी’ आणि ‘आम्ही’ असे दोनच कर्ते ठेवतो. «अँटेना आणि कुंड्या सोसायटीने हलवायच्या. वॉटरप्रूफिंगला धक्का लागल्यास दुरुस्ती आम्ही करू.» ऐकायला जरा कोरडं वाटतं. वाटू द्यावं.

आणि तो ‘च’! नक्कीच, आम्हीच, आजच, ३१ तारखेपर्यंतच. पत्र लिहून झालं की सगळे ‘च’ शोधून काढून बघा. बहुतेक वाक्यं त्याविना बरी उभी राहतात. मुदत खरी असेल तर ती कारणासकट यावी: «पॅनलचे दर बदलत असल्याने हा दर ३० दिवसांसाठी आहे.» यात घाई नाही, तरी तारीख आहे. विशेषणांचंही तसंच. ‘सर्वोत्तम दर्जा’ऐवजी इन्व्हर्टरची वॉरंटी किती वर्षांची आणि बिघडल्यास माणूस किती दिवसांत येईल, एवढं लिहिलं की दर्जा हा शब्द लागत नाही.

अनुभव कमी असेल तर काय करायचं, हा भाच्याचा खरा प्रश्न होता. त्याने तोवर सोसायट्यांची चारच कामं केली होती, म्हणून ‘अनेक समाधानी ग्राहक’ असं लिहावंसं वाटत होतं. आम्ही चारच लिहिली. त्यातल्या दोन सोसायट्यांच्या सचिवांना विचारून घेतलं आणि ‘प्रकल्प बघायला कधीही जाता येईल, सचिवांना कळवलेलं आहे’ हे जोडलं. ‘अनेक’ हा आकडा लपवायचा शब्द आहे, आणि कमिटीत बसणारी निवृत्त बँकवाली मंडळी तो लगेच ओळखतात.

मात्र ठाम सूर सगळीकडे चालतो असं नाही. दारोदार टाकायच्या पत्रकावर, किंवा सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या दोन ओळींत टाकीची सावली कोण वाचणार? तिथे समोरच्याने काही मागितलेलंच नसतं, आधी नजर वळवायची असते. जाहिरातीचा सूर तिथे चुकीचा नाही. फक्त न होणारं ‘शून्य बिल’ तिथेही नको. जिल्हा परिषदेच्या किंवा सरकारी शाळेच्या निविदेसोबत जाणाऱ्या पत्राला ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ आणि ‘विनंती’ लागतेच. तो तिथला रिवाज आहे, आर्जव नाही. कुणी स्वतः बोलावून, बिलं हातात देऊन प्रस्ताव मागितला असेल, आणि पत्र दहा जणांसमोर वाचलं जाणार असेल, तर तिसरं पाठवा.

ठामपणाचीही एक वाईट बाजू आहे आणि तिकडे घसरायला वेळ लागत नाही. भाच्याने जोशात एक ओळ घातली होती: ‘आम्ही दर्जाशी तडजोड करत नाही, त्यामुळे दरावर चर्चा होणार नाही.’ हे ठाम नाही, फणकारा आहे. सोसायटीला घासाघीस करायचा हक्क असतो आणि ती होतेच. त्या जागी आम्ही लिहिलं: «खर्च कमी करायचा असल्यास १५ किलोवॅटचा पर्याय सोबत जोडला आहे, त्यात महिन्याला सरासरी १,८०० युनिट मिळतील.» दर कमी करायचा तर काय कमी होईल, ते समोर ठेवलं. आता घासाघीस व्हायची ती किलोवॅटवर होईल.

शेवटची ओळ ‘आपल्या होकाराच्या प्रतीक्षेत’ अशी होती. ती काढून «सभेची तारीख कळवल्यास गच्चीचा नकाशा घेऊन अर्धा तास येऊ, प्रश्न आधी पाठवले तर उत्तरं लेखी आणू» असं केलं. पत्र गेल्यावर पाहिलं, तर सहीच्या वर भाच्याने ‘सेवेची संधी द्यावी, ही विनंती’ परत घातलेलं होतं. म्हणाला, ‘तिथले अध्यक्ष जुन्या वळणाचे आहेत, मामा.’ वर टाकीची सावली आणि १,५०० युनिट जागेवर होते, म्हणून मी काही बोललो नाही.