लोखंडी कढई की लोहाची गोळी?

चिंचेची आमटी लोखंडी कढईत उकळली की आंबटामुळे कढईतलं लोह तिच्यात उतरतं. १९८६ च्या एका अमेरिकी अभ्यासात टोमॅटो सॉसमधलं लोह १०० ग्रॅममागे ०.६ वरून ५.७ मिलिग्रॅमवर गेलं. तव्यावरच्या भाकरीला एवढं मिळत नाही, कारण ती कोरडी आणि झटपट होते. तेल मुरलेली जुनी कढईही कमीच देते. शिवाय उतरलेल्या लोहातला थोडाच भाग शरीर शोषतं. जेवणावर चहा घेतला तर आणखी कमी.

मोठ्यांच्या सरकारी गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं, मोजून. म्हणून हिमोग्लोबिन ८ वर आलं असेल तर मी गोळीच निवडेन, कढई फार तर जोडीला. थॅलेसेमिया असलेल्यांनी मात्र दोन्ही गोष्टी डॉक्टरांना विचारूनच.

आणि आमटी शिजताच दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर काळी, कडवट होते.