भाड्याचं घर सोडताना लेखी नोटीस: रजिस्टर पोस्ट की कुरिअर?

लिव्ह अँड लायसन्स करारात बहुधा एक ओळ असते: घर सोडायचं तर एक महिन्याची लेखी नोटीस. घरमालकांना फोन केला, व्हॉट्सअॅपवर त्यांचं ‘ओके’ही आलं, तरी वाद झाला की ते या ओळीवर बोट ठेवतात आणि डिपॉझिटमधून एक महिन्याचं भाडं कापतात. म्हणून कागद पाठवायचाच. प्रश्न एवढाच, की तो कशाने पाठवायचा.

आधी करारातलं नोटिशीचं कलम वाचा. तिथे ‘रजिस्टर्ड पोस्टाने’ असं स्पष्ट लिहिलं असेल तर निवड करायला जागाच नाही. एकट्या कुरिअरवर विसंबलात, तर नोटीस करारानुसार नव्हती असं म्हणायची संधी तुम्हीच समोरच्याला दिलीत. नुसतं ‘लेखी’ असेल तर दोन्ही चालतं, आणि खरी तुलना तिथून सुरू होते.

टपाल खात्याने 1 सप्टेंबर 2025 पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन केलं. मात्र रजिस्ट्रेशन संपलेलं नाही, ते आता स्पीड पोस्टवर जादा सेवा म्हणून मिळतं. खिडकीवर नुसतं ‘स्पीड पोस्ट’ म्हणालात तर पाकीट त्या पत्त्यावर कोणाच्याही हाती दिलं जाऊ शकतं. ‘रजिस्ट्रेशनसह, पोचपावती हवी’ असं सांगा, म्हणजे ते ज्याच्या नावाने आहे त्याला किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसालाच मिळतं. रजिस्ट्रेशनचे 5 रुपये आणि जीएसटी. 50 ग्रॅमच्या आतलं पाकीट परगावी पाठवायला एकूण साठेक रुपये पडतात, पोचपावतीचे वेगळे.

कुरिअरचा फायदा वेगाचा. माणूस घरी येऊन पाकीट नेतो आणि जवळच्या शहरात ते बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी पोचतं. अडचण पोचल्याच्या पुराव्यात आहे. मोठ्या सोसायटीत सही गेटवरचा वॉचमन करतो, ट्रॅकिंगवर ‘डिलिव्हर्ड’ दिसतं, आणि घरमालक म्हणतात, “मला काही मिळालंच नाही.” मग नाव आणि सही असलेली डिलिव्हरी स्लिप कंपनीकडून मागून घ्यावी लागते, तीही लगेच.

माझ्या मते सगळ्यात मोठा फरक समोरच्याने पाकीट घेतलंच नाही तर दिसतो. योग्य पत्ता आणि पूर्ण टपालखर्च असलेलं रजिस्टर पत्र नेहमीच्या क्रमाने पोचलं असं मानण्याची तरतूद जनरल क्लॉजेस अॅक्ट, 1897 च्या कलम 27 मध्ये आहे. उलट सिद्ध करायचं ते समोरच्याने. ते कलम कायद्याने सांगितलेल्या नोटिशींसाठी आहे, पण करारातल्या नोटिशीलाही न्यायालयं सहसा हाच तर्क लावतात. पोस्टमनने ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत आणलेलं पाकीट म्हणूनच तुमच्या बाजूचा पुरावा ठरतो. ते फोडू नका, सीलबंदच ठेवा. कुरिअरवाल्याच्या ‘रिफ्यूज्ड’ला असा आपोआप आधार मिळत नाही.

समजा, तुम्हाला 30 सप्टेंबरला पुण्यातलं घर सोडायचंय, मालक नाशिकला राहतात आणि करारात महिना नोटीस मिळाल्यापासून मोजायचा आहे. म्हणजे पत्र 31 ऑगस्टच्या आत त्यांच्या हाती पडायला हवं. दार बंद असेल तर पोस्टमन चिठ्ठी टाकून जातो आणि पाकीट काही दिवस पोस्टातच पडून राहतं. ते दिवस धरून पत्र 17-18 ऑगस्टला टाका. 28 ऑगस्ट उजाडला असेल तर रजिस्टरही करा आणि त्याच दिवशी तेच पत्र कुरिअरनेही पाठवा. करारावर दोन मालकांची नावं असतील तर प्रत्येकाला वेगळं पाकीट, आणि पत्ता करारात छापलाय तोच.

पावतीने पाकीट गेल्याचं कळतं, आत काय होतं ते कळत नाही. म्हणून पत्रात कराराची तारीख, घराचा पत्ता आणि घर सोडण्याची तारीख लिहा, सही केलेल्या प्रतीचा आणि पत्ता दिसेल असा पाकिटाचा फोटो काढा. पावतीवरचा IN ने संपणारा 13 अक्षर-अंकांचा क्रमांक आपल्या प्रतीवर हाताने उतरवा. तोच क्रमांक घालून पत्राचा फोटो मालकांना व्हॉट्सअॅप आणि ईमेलवर पाठवा. ही करारातली नोटीस नव्हे, पण ‘पाकिटात कोरा कागद होता’ असं म्हणणं त्यानंतर अवघड होतं.

पोस्टाची पावती थर्मल कागदावर असेल तर तिची शाई काही महिन्यांत उडते, त्यामुळे झेरॉक्स त्याच दिवशी काढा. पत्र पोचलं की ट्रॅकिंगच्या पानाची प्रिंटही लगेच घ्या, कारण ती नोंद संकेतस्थळावर कायम राहत नाही. हे सगळं डिपॉझिट पूर्ण खात्यात जमा होईपर्यंत करारासोबत एकाच फाइलमध्ये ठेवा.