सात महिने एक्सचेंजवरची फायलिंग वापरल्यावर: पत्ता मिळतो, माल कळतो, माणसं मात्र जपून मोजा

इंदूरच्या रामबागेत आमचं कारखान्यांच्या वर्द्या शिवण्याचं काम आहे. मशीन मी बघतो, हिशेब आणि कोटेशन वहिनी. गिऱ्हाईक बहुतेक जवळच्या पिथमपूर औद्योगिक वसाहतीतलं. कोणत्याही कंपनीकडे जाण्याआधी आम्हाला तीनच गोष्टी लागतात: खरेदीचा निर्णय कुठल्या ऑफिसात होतो, माणसं किती आणि तिथे बनतं काय. वेल्डिंगच्या खात्याला जाड सुती कापड लागतं, पॅकिंगला हलकं चालतं, म्हणून तिसरी गोष्टही आमच्या कामाचीच.

यासाठी आधी कंपन्यांची माहिती विकणाऱ्या एका साइटची वर्षाची वर्गणी भरली होती. तिने पिथमपूरच्या सुट्या भागांच्या एका कंपनीत २१४ कर्मचारी दाखवले. माणशी दोन जोड धरून आम्ही ४२८ जोडांचा भाव दिला. माल कमी, म्हणून भाव चढा. खरेदी अधिकारी म्हणाले, "अहो, आमच्याकडे तेराशे माणसं आहेत, हा भाव कसा परवडेल?" ऑर्डर गेली. वर्गणी परत मागितली, तर उत्तर आलं की आकडा कंपनीच्याच अहवालातला आहे. पंधरा दिवस भांडलो, एक पैसा मिळाला नाही. तेव्हापासून कंपनीने शेअर बाजाराकडे दिलेला मूळ वार्षिक अहवालच उघडतो. तो फुकट असतो.

बीएसईच्या साइटवर कंपनीचं नाव टाकून तिच्या पानावर `Annual Reports` शोधायचं आणि सगळ्यात ताजी पीडीएफ उतरवायची. बाजारमूल्याने पहिल्या १००० कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर, म्हणजे धंद्याची जबाबदारी आणि टिकाऊपणा यांचा अहवाल, हा भाग द्यावाच लागतो. त्याच्या सुरुवातीलाच नोंदणीकृत पत्ता, कॉर्पोरेट ऑफिसचा पत्ता, उत्पादनं आणि माणसांचा तक्ता असतो.

आमच्या त्या कंपनीचा तक्ता उघडला आणि २१४ लगेच सापडले. ती फक्त पहिली ओळ होती, कायम कर्मचारी. खाली कायम नसलेले कर्मचारी ९. त्याखाली कामगारांचा वेगळा गट: कायम ३८६, कायम नसलेले ७१२. सगळे मिळून १३२१. साइटने पहिली ओळ उचलली आणि थांबली. या तक्त्यात 'एम्प्लॉईज' आणि 'वर्कर्स' वेगवेगळे मोजतात, आणि ठेकेदाराची माणसं 'कायम नसलेले' या ओळीत येतात. कारखान्याच्या कंपनीत हीच ओळ सगळ्यात मोठी असू शकते. म्हणून चारही आकडे कागदावर लिहा, मगच बेरीज करा.

पण ती बेरीजही जशीच्या तशी वर्दीच्या कामाची नाही, हे दुसऱ्या कोटेशनला कळलं. आकडे पूर्ण कंपनीचे असतात. कारखाने किती ते त्याच भागात मिळतं, या कंपनीचे तीन निघाले, पण कुठल्या कारखान्यात किती माणसं हे तिथे नसतं. शिवाय ७१२ जणांच्या वर्द्या कंपनी घेते की ठेकेदार, हे कुठलाही अहवाल सांगत नाही. त्यासाठी गेटवरच्या टाइम ऑफिसात विचारावंच लागतं. आणखी एक बघा: अहवाल एकट्या कंपनीचा आहे की उपकंपन्या धरून, हे आधीच `Standalone` किंवा `Consolidated` या शब्दांत लिहिलेलं असतं. ते न वाचता आम्ही एकदा परराज्यातल्या उपकंपनीची माणसंही मोजून बसलो होतो.

पहिल्या दोन महिन्यांत मी सगळ्यांना सांगत होतो की बीआरएसआर मिळाला की झालं. ते मत आता बदललं आहे. आमची निम्मी गिऱ्हाइकं त्या हजारांत नाहीतच, त्यांच्या अहवालात हा भाग नसतो. तिथे संचालक मंडळाच्या अहवालाचं पगारांविषयीचं परिशिष्ट बघायचं. कंपनी कायद्याच्या कलम १९७(१२) खाली लिस्टेड कंपनीला तिथे कायम कर्मचाऱ्यांची संख्या द्यावी लागते. पीडीएफमध्ये `on the rolls` शोधा, बहुतेक वेळा थेट त्या ओळीवर जाता. पान स्कॅन केलेलं असेल तर शोध चालत नाही, पानं उलटत बसा. माझा सगळ्यात जास्त वेळ आणि संताप यातच गेला आहे.

असंच एका छोट्या कंपनीत ६१ सापडले. वहिनींनी तेव्हा विचारलं, "भाऊजी, पगाराचा खर्च किती दिलाय?" नफा-तोट्याच्या पत्रकात `Employee benefits expense` ९१५ लाख होता. ६१ ने भागलं तर माणशी १५ लाख. पिथमपूरच्या साध्या कारखान्यात सरासरी एवढी कुठून येणार? परत परिशिष्ट नीट वाचलं, तर बारीक अक्षरात होतं की आकड्यात कामगार धरलेले नाहीत. तेव्हापासून हा भागाकार आम्ही दर वेळी करतो. फक्त पत्रकाच्या डोक्यावर आकडे लाखात आहेत की कोटीत ते आधी बघा. आणि ठेकेदारांना दिलेले पैसे या ओळीत नसून पुष्कळदा 'इतर खर्चा'च्या टिपेत असतात. तिथे मोठी रक्कम दिसली की ठेक्याची माणसं भरपूर आहेत एवढं समजतं, संख्या नाही.

पत्त्याबाबत तक्रार नाही, फक्त नोंदणीकृत पत्त्याला मुख्यालय समजू नका. कंपनीच्या सीआयएन या २१ अक्षरांच्या ओळख क्रमांकात राज्याची खूण असते, ती नोंदणीच्या राज्याची. आपल्या इंदूरचंच उदाहरण घ्या. रुची सोया, म्हणजे जून २०२२ पासूनची पतंजली फूड्स. तिचा क्रमांक `L15140MH1986PLC038536`. `L` म्हणजे लिस्टेड, `15140` हा धंद्याचा कोड, `MH` महाराष्ट्र, १९८६ स्थापनेचं साल. नोंदणी मुंबईची, पण रुची सोयाचं मुख्य ऑफिस साउथ तुकोगंजात नाथ मंदिर रोडवर होतं, आमच्या घरापासून स्कूटरने जाण्यासारखं. नुसतं `MH` बघणारा मुंबईला पत्र पाठवत बसला असता.

क्रमांकातल्या धंद्याच्या कोडवरून माल ठरवू नये, कारण कंपनीचा धंदा बदलला तरी जुना कोड राहिलेला असू शकतो. बीआरएसआरमध्ये उलाढालीच्या ९० टक्के भागाची उत्पादनं टक्क्यांसह येतात, तो तक्ता भरवशाचा. छोट्या कंपनीत हिशेबाच्या पहिल्या टिपेत धंद्याचं एक-दोन वाक्यांत वर्णन असतं, आम्हाला कापड निवडायला तेवढं पुरतं.

आकडे ३१ मार्चचे असतात आणि अहवाल बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरात हाती येतो. म्हणून वहिनींनी आता कोटेशनच्या कागदावर माणसांच्या संख्येसमोर तारखेचा रकाना आखला आहे. वर्गणी आम्ही पुन्हा भरली नाही. त्या पहिल्या कंपनीला १० सप्टेंबरला नवा भाव दिला, एका कारखान्याच्या ४८० माणसांचा, टाइम ऑफिसात विचारून. उत्तर अजून यायचं आहे.