गुलाबी चष्म्याचे सात महिने: अर्धशिशी, उजेड आणि काचेची मागची बाजू

गेल्या आठवड्यात चष्म्याच्या दुकानात माझं चांगलंच वाजलं. म्हणून आज हे सविस्तर लिहितेय. चष्मा मायग्रेनसाठीचा आहे, एफएल-४१ टिंटचा, म्हणजे डोळ्यांना टोचणारा उजेड कमी करणारा गुलाबी रंग काचेला दिलेला. फेब्रुवारीत फ्रेमसकट चार हजार आठशेला घेतला होता. तो टिंट नेमकं काय करतो ते पुढे येईलच, आधी थेट वापराकडे येते.

मी साताऱ्यात आठवी ते दहावीला गणित शिकवते. डोकं दुखायला लागलं की खिडकीतला उजेड सुईसारखा टोचतो, आणि दुखत नसेल त्या दिवशीही पांढऱ्या फरशीवरची उन्हाची तिरीप सोसत नाही. चष्मा घेण्याआधी जवळजवळ दीड वर्ष मी घरात उन्हाचा काळा गॉगल लावून वावरायचे. पडदे ओढलेले, दिवे बंद, डोळ्यावर गॉगल, अशी भाजी चिरायचे. सासूबाई म्हणायच्या, "अगं, एक दिवस बोट कापून घेशील." गॉगल काढला की त्रास व्हायचा, म्हणून मला वाटायचं की गॉगलच मला वाचवतोय.

न्यूरॉलॉजिस्टांनी पहिल्याच भेटीत तो बंद करायला सांगितला. मला राग आला होता. त्यांनी विचारलं, "दुपारच्या खेळानंतर थिएटरमधून बाहेर आल्यावर डोळ्यांचं काय होतं?" उन्हाच्या साध्या गडद गॉगलमधून ८ ते १८ टक्केच उजेड आत येतो. दिवसभर तेवढ्यावरच राहिलं तर डोळा अंधाराला सरावतो आणि मग साधी ट्यूबलाइटसुद्धा उन्हासारखी लागते. त्रास वाढला की माणूस आणखी गडद काच शोधतो. माझं अगदी तसंच झालं होतं, तिसरा गॉगल पहिल्यापेक्षा काळा होता.

एकदम सोडता आला नाही. पहिल्या आठवड्यात सकाळचा चहा गॉगलशिवाय, खिडकीकडे पाठ करून. मग सकाळचा स्वयंपाक. मग दुपारपर्यंत. साधारण पाच आठवडे लागले आणि त्यातले पहिले दोन वाईट गेले. बाहेर उन्हात मात्र गॉगल चालतो, तिथे तो हवाच. दारातून आत आलं की काढायचा, एवढाच नियम. (उजेडाचा त्रास नव्यानेच सुरू झाला असेल, किंवा सोबत डोळा लाल होणं, ताप, मान आखडणं असेल, तर चष्म्याचं दुकान नाही, डॉक्टर गाठा. डोळे कोरडे पडल्यानेही उजेड सोसत नाही, तेही तपासून घ्या.)

आता गुलाबी काचेबद्दल. डोळ्याच्या आतल्या पडद्यात काही पेशी अशा असतात की त्यांचं काम चित्र दाखवणं नसून उजेड किती आहे हे मेंदूला कळवणं असतं. त्यांना सर्वांत जास्त टोचतो तो ४८० नॅनोमीटरच्या आसपासचा निळसर-हिरवा उजेड. २०१० साली हार्वर्डच्या रामी बर्स्टीन यांच्या गटाने दाखवलं की या पेशींचे धागे मेंदूत जिथे पोचतात, तिथेच मेंदूच्या आवरणाकडून येणारी वेदनाही पोचते. म्हणून तर दृष्टी गेलेल्या पण या पेशी शाबूत असलेल्या मायग्रेनच्या रुग्णांनाही उजेडाने डोकं जास्त दुखतं. एफएल-४१ नेमका तो पट्टा कमी करतो आणि लाल-पिवळा उजेड बराचसा जाऊ देतो. त्यामुळे काच गुलाबी दिसते आणि घरात अंधार होत नाही.

दुकानात बरेचदा याऐवजी ब्लू-कट, म्हणजे निळा उजेड अडवणारं कोटिंग, गळ्यात मारतात. ते बहुतेक ४२० नॅनोमीटरच्या खालचंच अडवतं, ४८० ला जवळपास हातच लावत नाही. माझे त्यात नऊशे रुपये गेले, तुमचे जाऊ नयेत.

पहिल्या महिन्यात मी याच चष्म्याला पाचपैकी दोन गुण दिले असते. डोकेदुखीचे दिवस डायरीत लिहिते. जानेवारीत नऊ होते, मार्चमध्ये आठ. एवढ्या पैशात एक दिवस! मग एप्रिलमध्ये लक्षात आलं की दुखणं बहुतेक वेळा शिक्षकखोलीत सुरू होतं, वर्गात नाही. नवऱ्याने सुचवलं म्हणून तिथल्या पांढऱ्या भिंतीचा मोबाइलवर स्लो-मोशन व्हिडिओ काढला. भिंत लपलप करत होती, व्हिडिओभर काळे पट्टे सरकत होते. नुसत्या डोळ्याला काहीच दिसत नव्हतं. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या चोकची ट्यूब किंवा स्वस्त एलईडी पट्टी सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होते. दोन ट्यूब मी स्वतःच्या खर्चाने बदलून घेतल्या, दुकानातच लावून, मोबाइलने तपासून. चारशेऐंशी रुपये. मे महिन्यात डोकेदुखीचे दिवस चारवर आले.

तेव्हा मी मैत्रिणींना चष्म्याचं तोंडभरून कौतुक सांगत सुटले होते. ते थोडं मागे घेते. मे महिन्यात शाळेला सुट्टी होती, झोप वेळेवर होती. जून-जुलैमध्ये दिवस सहावर गेले आणि तिथेच टिकले. नऊचे सहा, त्यात चष्म्याचा वाटा किती आणि ट्यूबचा किती हे मला वेगळं काढता येत नाही. १९९१ मध्ये इंग्लंडमध्ये मायग्रेनच्या मुलांवर झालेल्या एका छोट्या अभ्यासात हा टिंट चार महिने वापरल्यावर महिन्याचे सरासरी ६.२ झटके १.६ वर आले होते. तो आकडा वाचून घेणाऱ्यांनी माझा आकडाही लक्षात ठेवावा. चालू झालेला झटका चष्म्याने थांबत नाही, गोळी वेळेवर घ्यावीच लागते. मात्र दोन झटक्यांच्या मधले दिवस सुसह्य झालेत, पडदे उघडे असतात. माझ्यासाठी ते मोठं आहे.

आता ज्याच्यावर कुणी बोलत नाही ते. काचेची मागची बाजू. डोळ्याकडची.

साध्या प्लास्टिकच्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग साधारण चार टक्के उजेड परत फेकतो. पांढऱ्या काचेत ते जाणवत नाही, कारण समोरून भरपूर उजेड येत असतो. टिंट लावला की समोरचा उजेड कमी होतो, पण पाठीमागच्या खिडकीतून काचेच्या आतल्या बाजूवर पडून डोळ्यात येणारा उजेड टिंटमधून जातच नाही. तो तसाच्या तसा येतो. माझ्या पहिल्या जोडीला आतून अँटी-रिफ्लेक्शन कोटिंग, म्हणजे उजेड परत फेकणं कमी करणारा थर, होतं, त्यामुळे मला हे कधी कळलंच नव्हतं.

ऑगस्टमध्ये गाडीवरून उतरताना हेल्मेट चष्म्यावर पडलं, उजव्या काचेला खोल ओरखडा. गावातल्या दुकानात दिला. म्हणाले, "ताई, तोच शेड मारून देतो, एकच काच बदलू, अकराशे." पैसे वाचले म्हणून मी खूश. चौथ्या दिवशी चष्मा आला. शाळेत पहिल्याच तासाला फळ्यावर लिहिताना उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात पांढरा चौकोन. मान वळवली की चौकोनही हलायचा. मागची खिडकी होती ती, गजांसकट. शिवाय स्वतःच्या पापण्या दिसत होत्या. तिसऱ्या तासापर्यंत उजव्या भुवईवर ठणका सुरू.

घरी येऊन चष्मा पांढऱ्या कागदावर, खिडकीजवळ, उताणा ठेवला. डाव्या काचेखाली कागद गुलाबी, उजव्याखाली विटकरी. मग वरचा दिवा काचेच्या आतल्या बाजूत पाहिला. डावीकडे दिव्याचं प्रतिबिंब फिकं हिरवट, जेमतेम दिसणारं. उजवीकडे लख्ख पांढरं. म्हणजे कोटिंगच नाही.

दुकानात गेले तर मालक म्हणाले, "कोटिंग पुढून केलंय की. मागून काय करायचं, मागून कुठे ऊन येतं?" मी त्यांना दारात पाठमोरं उभं केलं आणि चष्मा लावायला दिला. थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "टिंटवर कोटिंग बसत नाही." हे खरं नाही. आधी गरम रंगात काच बुडवतात, मग कोटिंग करतात, फक्त काच वर्कशॉपला परत पाठवावी लागते. आणि शेड काच रंगात किती वेळ राहिली त्यावर ठरते, शिवाय प्रत्येक काच रंग सारखा धरत नाही, म्हणून नंतर रंगवलेली एकटी काच जुन्या काचेशी जुळणं कठीण. दोन्ही एकदम रंगवायला हव्या होत्या. विटकरी दिसणारा रंग नेमका तोच पट्टा अडवतो का, याचाही आलेख त्यांच्याकडे नव्हता. डोळ्याला गुलाबी दिसतंय म्हणजे ४८० कमी झालं असं नसतं. तासाभराने अकराशेपैकी सातशे परत मिळाले. उरलेले चारशे मला आजही टोचतात.

मग मूळ ठिकाणाहून दोन्ही काचा नव्याने मागवल्या. दोन हजार सहाशे. मागवताना चिठ्ठीवर लिहून दिलं: दोन्ही काचा एकाच वेळी रंगवाव्यात, कोटिंग दोन्ही बाजूंनी, घरात वापरायचा शेड म्हणजे निम्म्याहून जास्त उजेड यायला हवा. पोलराइज्ड नको म्हणून सांगितलं, कारण ते रस्त्यावरच्या चमकेला चांगलं, पण घरात विनाकारण अंधार आणि काही स्क्रीन तिरप्या धरल्या की काळ्या दिसतात. रात्री गाडी चालवताना हा चष्मा मी लावत नाही, कुणीच लावू नये.

फ्रेम कशी हवी तेही सांगते. भुवयांच्या वर आणि कानाच्या बाजूला फट जितकी कमी तितकं बरं. माझ्या फ्रेमच्या काड्या रुंद आहेत, त्या कडेचा उजेड अडवतात. शाळेत टेबल खिडकीला काटकोनात फिरवलंय. आता खिडकी डावीकडे येते, समोर नाही आणि पाठीशीही नाही.

एक अडचण राहिलीच. गुलाबी काचेतून पांढरा कागद गुलाबी होतो आणि लाल शाई त्यात विरून जाते. जुलैच्या घटक चाचणीत मीच दिलेले गुण मला बेरजेत दिसले नाहीत, एका मुलीचे चार गुण राहून गेले. तिने वही आणून दाखवली, "बाई, इथे टिक आहे ना?" तेव्हापासून हिरव्या पेनने तपासते, ते या काचेतून जवळजवळ काळं दिसतं. मुख्याध्यापकांची परवानगी घेतली आहे. नव्या काचा सोमवारी आल्या. कागदावर दोन्ही सारख्या गुलाबी आहेत आणि काल पाचव्या तासाला खिडकी पाठीमागे असूनही कोपऱ्यात काही दिसलं नाही.